काढलेला मुलगा परत कसा येतो? झूमवरच्या मोठ्या वर्गातला गोंधळ आणि त्यावरचा उपाय

आमचा दहावीच्या गणिताचा मोफत वर्ग दर रविवारी संध्याकाळी ७ वाजता झूमवर भरतो. मुलं साधारण २४०, बहुतेक खेड्यांतली, बहुतेक आईवडिलांच्या फोनवरून येणारी. सर शिकवतात, तांत्रिक बाजू मी बघते. गेल्या वर्षी सलग चार रविवार वर्गात गोंधळ झाला आणि दर वेळी आम्ही जे केलं ते पुढच्या रविवारी कमी पडलं. तो गोंधळ का थांबत नव्हता आणि शेवटी कशाने थांबला, ते इथे सविस्तर लिहिते. मोठे वर्ग घेणाऱ्या बऱ्याच जणांना हाच त्रास वारंवार होतो.

आधी काय घडलं ते. पहिल्या रविवारी सरांनी द्विघात समीकरणाचं उदाहरण पडद्यावर घेतलं होतं आणि त्यावर कुणीतरी लाल रेघोट्या ओढायला सुरुवात केली. सरांनी मुलांचं स्क्रीन शेअरिंग बंद केलं, रेघोट्या सुरूच राहिल्या. दुसऱ्या रविवारी मोठ्याने गाणं लागलं. सरांनी सगळ्यांना म्यूट केलं, दहा सेकंदांत गाणं परत आलं. तिसऱ्या रविवारी गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढलं, तर तो दोन मिनिटांत दुसऱ्या नावाने आत आला. चौथ्या रविवारी त्याने आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं नाव लावलं. सरांनी त्या नावाला बाहेर काढलं, पण दोन सारख्या नावांपैकी खरी मुलगीच बाहेर गेली. तिला परत येताच येईना. तासभर ती फोन हातात घेऊन बसली होती, हे आम्हाला रात्री तिच्या आईचा फोन आल्यावर कळलं.

त्या फोननंतर मी ठरवलं की एकेक बटण दाबत बसायचं नाही, मुळापर्यंत जायचं.

आधी अहवाल बघा

झूमच्या सशुल्क खात्यात वेबसाइटवर लॉग-इन केलं की `Reports` मध्ये `Usage` सापडतं. त्यात झालेल्या मीटिंगच्या सहभागींचा आकडा असतो. त्यावर टिचकी मारली की कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, ती यादी उघडते. त्यातला कामाचा रकाना `Name (Original Name)` हा आहे. आत आल्यावर कुणी नाव बदललं असेल तर नवं नाव आणि कंसात मूळ नाव दिसतं. आमच्या यादीत त्या मुलीचं नाव दोनदा होतं. एका ओळीत कंस नव्हता, दुसऱ्या ओळीत कंसात एका फोनच्या मॉडेलचं नाव होतं. म्हणजे कोणीतरी फोनच्या नावाने आत आलं आणि वर्गातली यादी बघून तिचं नाव उचललं.

दुसरी गोष्टही त्याच यादीत दिसली. तो ७ वाजून १८ मिनिटांनी आत आला होता, तेही बरोबर पासकोडसह. पासकोड ओळखणं शक्य नव्हतं. तो त्याला कुणीतरी दिला होता.

२०२० मध्ये जगभर ऑनलाइन वर्गांत असे घुसखोर येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन आणि बोस्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा प्रकारांचा अभ्यास केला होता. त्यांना आढळलं की बहुतेक वेळा बाहेरचा माणूस क्रमांक शोधून शिरत नाही, आतलाच कुणीतरी लिंक बाहेर देतो आणि त्यात शाळा-कॉलेजच्या वर्गांतले विद्यार्थी जास्त असतात. अशा वेळी पासकोडचा उपयोग होत नाही, कारण लिंक देणारा पासकोडही देतो. झूमच्या नेहमीच्या लिंकमध्ये तर पासकोड आतच असतो. लिंकच्या शेवटी असा भाग दिसतो:

```
?pwd=...
```

हा भाग असलेली लिंक पुढे पाठवली की पासकोडही गेला. आम्ही चार आठवडे पासकोड बदलत होतो आणि तीच नवी लिंक त्याच व्हॉट्सॲप गटावर टाकत होतो.

कुणाच्या हातात काय असतं

पुढचं समजायला अधिकारांची नेमकी माहिती हवी, कारण आमच्या बऱ्याच चुका तिथेच झाल्या.

होस्ट एकच असतो. ज्याच्या खात्यावरून मीटिंग ठरली तो. सगळ्यांसाठी मीटिंग संपवणं आणि कुणाला को-होस्ट करणं ही कामं त्याचीच. को-होस्ट कितीही करता येतात. म्यूट करणं, बाहेर काढणं, वेटिंग रूममधून आत घेणं, चॅट बंद करणं, मुलांचे हक्क बंद-चालू करणं, हे सगळं को-होस्टला जमतं. मात्र तो मीटिंग सुरू करू शकत नाही, दुसऱ्याला को-होस्ट करू शकत नाही आणि सगळ्यांसाठी मीटिंग संपवू शकत नाही. शिवाय हे पद फक्त चालू मीटिंगपुरतं असतं. गेल्या रविवारचा को-होस्ट या रविवारी साधा सहभागी म्हणूनच येतो आणि सरांनी त्याला पुन्हा नेमावं लागतं. शिकवण्याच्या घाईत सर हे विसरायचे, आणि मदतीला बसलेली मी नुसती बघत राहायची.

यावर उपाय म्हणजे मीटिंग ठरवतानाच `Alternative Hosts` या रकान्यात मदतनिसाचा ई-मेल घालून ठेवणं. तो त्याच संस्थेच्या खात्यातला परवानाधारक असावा लागतो. असा माणूस सरांच्या आधी येऊन मीटिंग सुरू करू शकतो. सर आधीच आत असतील तर तो येताच आपोआप को-होस्ट होतो.

वीज गेली, सरांचं नेट तुटलं, तर काय? को-होस्ट असेल तर सूत्रं त्याच्याकडे जातात. कुणीच नेमलेला नसेल तर होस्टपद भलत्याच सहभाग्याकडे जाऊ शकतं, आणि २४० मुलांत ते कुणाकडे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून को-होस्ट नेमल्याशिवाय आम्ही आता वर्ग सुरूच करत नाही. सर परत आले की सहभागींच्या यादीखालच्या `Reclaim Host` वरून होस्टपद परत घेतात.

दोन सवयी मात्र आधी सोडवाव्या लागल्या. उदाहरण पडद्यावर दाखवायला एखाद्या हुशार मुलाला को-होस्ट करायचं, ही पहिली. त्याला फक्त स्क्रीन शेअर करायची असते, पण आपण त्याच्या हातात सगळ्यांना बाहेर काढण्याचा अधिकार देतो. स्क्रीन शेअरिंग तेवढ्यापुरतं उघडावं आणि त्याचं झालं की बंद करावं. दुसरी सवय म्हणजे खात्याचा पासवर्ड किंवा होस्ट की शिक्षकांच्या गटावर टाकणं. होस्ट की हा प्रोफाइलमधला आकडा असतो. तो ज्याला माहीत आहे तो आत येऊन `Claim Host` करू शकतो. आमच्या शिक्षकांच्या गटावर हा आकडा सात महिने पडून होता. आम्ही तो प्रोफाइलमध्ये जाऊन बदलला आणि आता फक्त दोघांना माहीत आहे.

रेघोट्या, आवाज आणि नावं

रेघोट्या का थांबल्या नाहीत? स्क्रीन शेअर करणं आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर लिहिणं हे झूममध्ये वेगवेगळे हक्क आहेत. सरांनी पहिला बंद केला, दुसरा उघडाच होता. स्क्रीन शेअर चालू असताना वरच्या पट्टीत `More` मध्ये `Disable participants annotation` मिळतं. पण घाईत ते शोधण्यापेक्षा वेबसाइटच्या `Settings` मध्ये `Annotation` कायमचंच बंद करून ठेवणं बरं. आम्ही तसंच केलं, आणि तो प्रकार तिथेच संपला.

आवाजाचंही तसंच. `Mute All` दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात `Allow participants to unmute themselves` या चौकोनात खूण असते. ती तशीच राहिली तर आपण म्यूट करतो आणि मुलगा लगेच स्वतःला अनम्यूट करतो. खूण काढून टाकायची. त्यानंतर कुणी हात वर केला की को-होस्टने त्याच्या नावासमोर `Ask to Unmute` दाबायचं. मुलाच्या फोनवर विचारणा होते आणि त्याने होकार दिला की माइक चालू होतो. त्याचं बोलून झालं की पुन्हा म्यूट. मुलाच्या होकाराशिवाय त्याचा माइक परस्पर चालू करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फोन घरात असतो, मागे कुणी आजारी असतं, कुणी भांडत असतं.

प्रत्येक आवाज खोडसाळपणाचा नसतो, हेही लक्षात ठेवा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त वेळा तो टीव्हीचा, गुरांचा किंवा धाकट्या भावंडाचा असायचा. ओळखायचं कसं? चुकून चालू राहिलेला माइक म्यूट केला की गप्प होतो. खोडसाळ माइक परत चालू होतो. पहिल्या वेळीच कुणावर रागावू नका.

नाव बदलणं हा सगळ्यात दुर्लक्षित हक्क. `Host tools` मध्ये (जुन्या आवृत्तीत `Security`) `Rename themselves` असतं. ते बंद केलं असतं तर आत आल्यावर त्या मुलीचं नाव कुणाला लावता आलं नसतं. तिथेच चॅट आणि स्क्रीन शेअरचे हक्कही असतात. चॅटसाठी आम्ही फक्त होस्ट आणि को-होस्टला लिहिता येईल एवढंच ठेवलं आहे. मुलांची शंका आमच्यापर्यंत पोहोचते, पण २४० जणांना एकमेकांत वाट्टेल ते पाठवता येत नाही.

बाहेर काढलेला परत का येतो

आता मूळ प्रश्न. `Remove` केलेल्याला परत येऊ द्यायचं की नाही, हे `Allow removed participants to rejoin` या सेटिंगवर ठरतं. ते सहसा बंदच असतं आणि बंदच ठेवावं. पण झूमला माणूस ओळखता आला तरच ही बंदी पक्की बसते. लॉग-इन न करता, लिंक दाबून, मनाला येईल ते नाव टाकून आलेल्याला झूम ओळखणार कसं? दुसरा फोन घेतला, दुसरं नाव टाकलं की तो झूमच्या लेखी नवा माणूस. आमच्या मुलीचं उलटं झालं. ती प्रामाणिकपणे एकाच फोनवरून, एकाच नावाने येत होती, म्हणून बंदी तिला नीट लागली.

यातून आम्ही एक नियम केला आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. संशय असेल तर `Remove` करायचं नाही, `Put in waiting room` करायचं. वेटिंग रूम चालू असली की हा पर्याय नावासमोरच्या यादीत येतो. मुलगा बाहेर दारात थांबतो, त्याला वर्ग ऐकू येत नाही, वर्गाला त्याचा त्रास होत नाही, आणि खात्री करून त्याला परत आत घेता येतं. `Remove` फक्त पूर्ण खात्री असेल तेव्हाच. ही गोष्ट आधी माहीत असती तर त्या मुलीचा तास बुडाला नसता.

काही जण मीटिंगला कुलूप लावायचा, म्हणजे `Lock meeting` चा सल्ला देतात. आमच्याकडे ते चालत नाही. कुलूप लागल्यावर नेट तुटलेला मुलगाही परत येऊ शकत नाही, आणि संध्याकाळी सातला आमच्या अर्ध्या गावांत रेंज येते-जाते. शहरातल्या वर्गाला कदाचित चालेल.

मुळावरचा उपाय: प्रत्येकाला वेगळी लिंक

एकच लिंक २४० जणांना गेली की ती कुणी फोडली हे कधीच कळत नाही. म्हणून आम्ही नोंदणी सुरू केली. मीटिंग ठरवताना `Registration` मध्ये `Required` वर खूण करायची. हे सशुल्क खात्यातच मिळतं आणि कायमच्या वैयक्तिक क्रमांकावर चालत नाही. वर्गासाठी तो वैयक्तिक क्रमांक तसाही वापरू नये, कारण एकदा कळलेला क्रमांक पुढच्या प्रत्येक बैठकीचं दार होतो.

दर आठवड्याचा वर्ग असेल तर `Attendees register once and can attend any of the occurrences` निवडा, म्हणजे वर्षातून एकदाच नोंदणी पुरते. मंजुरीसाठी `Manually approve` ठेवा आणि `Allow attendees to join from multiple devices` बंद करा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये पहिल्या नावाच्या जागी हजेरी क्रमांक आणि नाव लिहायला सांगितलं, जसं ‘०४७ सायली’. तेच नाव वर्गाच्या यादीत दिसतं. माझ्याकडे हजेरीपट होता, मी एकेक नोंद त्याच्याशी जुळवून मंजूर केली. दोन संध्याकाळी लागल्या. वर्षभराच्या शांततेसाठी हे काही जास्त नाही.

ई-मेलची अडचण येणार हे आम्हाला ठाऊक होतं. ‘मॅडम, आमच्याकडे ई-मेल नाही,’ असं चाळीसेक पालक म्हणाले. पण अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर चालत असेल तर त्यावर गूगलचं, बहुधा जीमेलचंच, खातं असतंच. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पत्ता त्यांना दाखवून दिला की झालं. दोन भावंडं एकाच फोनवरची असतील तर जीमेलमध्ये पत्त्यात अधिकचं चिन्ह चालतं:

```
naav@gmail.com
naav+2@gmail.com
```

दोन्ही पत्र एकाच पेटीत येतात, पण झूमला ते दोन वेगळे पत्ते दिसतात आणि दोघांना वेगळ्या लिंक मिळतात. अर्थात त्यांना एकाच वेळी वर्गात बसायला दोन उपकरणं लागतीलच.

आता दारातली व्यवस्था. पावणेसातला मी वेटिंग रूम उघडते. हजेरी क्रमांकाने सुरू होणारी नावं एकदा नजरेखालून घालते आणि सगळ्यांना एकदम आत घेते. सात वाजल्यानंतर येणाऱ्यांना एकेक करून. दुसरा मदतनीस वर आलेले हात, आवाज आणि चॅट बघतो. सर कशालाही हात लावत नाहीत, फक्त शिकवतात. दोन मदतनिसांशिवाय दोनशे मुलांचा वर्ग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवता शिकवता दार सांभाळणं माणसाला जमत नाही.

ज्यांच्याकडे मोफत खातं आहे त्यांना नोंदणी मिळत नाही, शिवाय १०० जणांची आणि ४० मिनिटांची मर्यादा आहे. त्यांनी दर वेळी नवी मीटिंग बनवावी, लिंक वर्गाच्या पंधरा मिनिटं आधीच द्यावी, नाव बदलणं बंद ठेवावं आणि वेटिंग रूममध्ये नावं हजेरीशी जुळवावीत. फुटलेली लिंक कुणाची हे कळणार नाही, पण फुटायला वेळ कमी मिळेल.

सगळं करूनही घडलं तर

`Host tools` मध्ये सगळ्यात खाली `Suspend participant activities` आहे. होस्ट किंवा को-होस्टने ते दाबून पक्कं केलं की सगळ्यांचे आवाज, व्हिडिओ, चॅट, स्क्रीन शेअर एकदम थांबतात. सरांचंही थांबतं. घाबरू नका, ते तसंच असतं. मग दोषी कोण ते शोधा, त्याला बाहेर करा, आणि सरांचा माइक व स्क्रीन आधी, बाकीचं गरजेप्रमाणे चालू करा. अश्लील काही दाखवलं गेलं असेल तर ते चित्र कुठल्याही गटावर पुढे पाठवू नका. तो अहवाल, वेळ आणि नाव जपून ठेवा, संस्थेच्या प्रमुखांना कळवा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. मुलं अल्पवयीन आहेत, हे विसरून चालणार नाही.

नोंदणी सुरू केल्यानंतर एकदाच प्रश्न आला. डिसेंबरच्या एका रविवारी ११२ क्रमांकाच्या मुलाच्या नावाने कोणीतरी आत आलं आणि हात वर करून बोलायची संधी मिळताच आरडाओरडा केला. मी त्याला दारात पाठवलं आणि मुलाच्या वडिलांना फोन लावला. मुलगा शेतात होता. लिंक त्याच्या मामेभावाने वापरली होती. मी त्या मुलाची नोंदणी रद्द करून त्याला नवी लिंक दिली, आणि पुढच्या रविवारी तो स्वतः वर्गात बसला.

आता दर रविवारी साडेसहाला मी माझ्या आईच्या फोनवरून ‘००० चाचणी’ या नोंदणीने विद्यार्थी म्हणून आत येते. अनम्यूट होता येतंय का, नाव बदलता येतंय का, सरांच्या पानावर रेघ ओढता येतेय का, चॅट सगळ्यांना जातोय का, हे चार प्रयत्न करते. चारही फसले की पावणेसातला दार उघडते.